नेसणीस हिरवी नऊवारी : आजीचे वर्णन कसे करावे

‘वय अंदाजे ऐंशी, रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, केस पांढरे, नेसणीस हिरवी नऊवारी, भाषा मराठी.’ हरवलेल्या वृद्ध स्त्रियांच्या निवेदनांत हा मजकूर आपण सर्वांनी वाचलेला आहे. आषाढीला पंढरपुरात ध्वनिक्षेपकावरून तो दिवसभर ऐकू येतो. गंमत अशी, की ते निवेदन चालू असताना मान वळवून पाहिले, तर चंद्रभागेच्या वाळवंटात या वर्णनाच्या शेकडो बायका दिसतात. शोधणारा माणूस यातल्या कोणत्या आजीपाशी जाऊन थांबणार?

गेली काही वर्षे मी अशी निवेदने वर्तमानपत्रांतून कापून, स्थानकांवरच्या फलकांवरून उतरवून जमा करतो आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या निवेदनांवर माझा भर आहे. ती वाचताना लक्षात आले, की घरच्या लोकांना आपली आजी ठाऊक असते, पण लिहायला बसले की त्यांच्या हातून ‘आजी’ नावाचे चित्र उतरते. पांढरे केस, सुरकुत्या, बोळके, नऊवारी. हेच चित्र आपल्या कथांत, नाटकांत आणि जाहिरातींतही आहे. साहित्यात त्याने पात्र निर्जीव होते. निवेदनात त्याने माणूस सापडत नाही. म्हणून हा विषय मी निवेदनाच्या अंगाने मांडतो.

आमच्या ओळखीच्या एका घरातल्या आजी विसराळू झाल्या, तेव्हा घरच्यांनी खबरदारी म्हणून त्यांचे वर्णन लिहून ठेवायचे ठरवले आणि मला बोलावले. त्यांचा पहिला मसुदा वर दिलेल्या मजकुरासारखाच होता. त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारत, आम्ही तो पुन्हा लिहिला. नावगाव वगळून तेच उदाहरण येथे घेतो.

पहिला प्रश्न वयाचा. आधार कार्डावर जन्मतारीख ०१/०१/१९४६ होती. जन्माचा दाखला नसलेल्या असंख्य माणसांच्या कार्डावर एक जानेवारी असते. ती जन्मतारीख नसून रकाना भरल्याची खूण असते. तोंडी सांगितलेले वयही तसेच. साठ, पासष्ट, सत्तर, ऐंशी असे शून्य आणि पाचावर संपणारे आकडे लोक आवडीने सांगतात, आणि एकोणसाठ किंवा एकसष्ट सांगणारे त्या मानाने फार थोडे निघतात. जनगणनेच्या अभ्यासकांना हे जुने दुखणे ठाऊक आहे. असे किती गोल आकडे सांगितले गेले, हे मोजायला त्यांनी व्हिपल निर्देशांकासारखी मापे केलेली आहेत.

मग खरे वय कसे काढायचे? आपल्या भागात त्यासाठी घटनांचा आधार मिळतो. ‘तुमचं वय काय?’ असे विचारण्याऐवजी ‘तेव्हा तुम्ही काय करत होता?’ असे विचारावे. या आजींचे माहेर तुळजापूरच्या बाजूचे, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या हद्दीतले. रझाकारांच्या भीतीने घर सोडून ते लोक सोलापूरच्या हद्दीत आले. आजी म्हणाल्या, ‘धाकट्या भावाला कडेवर घेऊन मीच चालले की.’ पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ ची; घर सोडले ते त्याच्या काही महिने आधी. भावाला कडेवर घेऊन लांब चालणारी मुलगी सात-आठ वर्षांच्या आत नसणार. दुसरा आधार बहात्तरच्या दुष्काळाचा. तेव्हा त्या खडी फोडायच्या कामावर होत्या आणि थोरली लेक तिसरीत होती. शाळेत वाटलेली सुकडी त्या लेकीला आजही आठवते. म्हणजे लेकीचा जन्म १९६४ च्या सुमाराचा. ती लग्नानंतर आठ-नऊ वर्षांनी, नवसाने झाली आणि लग्नात आजी ‘चौदा-पंधराच्या’ होत्या. उलटे मोजत गेले, की जन्म १९४० च्या आसपास येतो. भावाच्या आठवणीवरूनही तेच साल निघते. दोन वेगवेगळ्या वाटा एकाच सालापाशी पोचल्या, की त्यावर विसंबायला हरकत नसते. त्या पोचल्या नाहीत, तर एखादी आठवण दुसऱ्याकडून ऐकलेली आहे असे समजून तिसरी घटना शोधावी.

एवढे करूनही वर्णनात दोन वये लिहावी लागतात. रस्त्यावरच्या माणसाला खरे वय दिसत नाही, दिसणारे वय दिसते. या आजी पंचाऐंशीच्या घरात असल्या, तरी चालताना सत्तर-पंचाहत्तरच्या वाटतात. उलट उन्हातान्हात राबलेली साठीची बाई ऐंशीची वाटू शकते. म्हणून ‘वय पंचाऐंशीच्या आसपास, दिसायला पंचाहत्तरच्या’ असे लिहिले.

आता शरीर. रंग सावळा की गोरा हे पाहणाऱ्याच्या घरच्या रंगावर ठरते, त्यामुळे त्याचा उपयोग थोडा. उंची कागदावर पाच फूट होती, ती तरुणपणाची. वयाबरोबर मणके दबतात, पाठ वाकते, आणि माणूस उभा दिसतो ती उंची बरीच कमी होते. ती आज आहे तशी मोजावी. ‘वाकलेल्या’ एवढेही पुरत नाही. कोणी कमरेतून वाकते, कोणी खांद्यातून पुढे झुकते. लांबून पाहणाऱ्याला हा फरक चेहऱ्याच्या आधी कळतो. आजी कमरेत ताठ आहेत, मान तेवढी पुढे येते आणि डावा पाय किंचित ओढत चालतात.

जवळ आल्यावर ओळख पटते ती खुणांवरून. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायकांच्या अंगावर गोंदण असते, पण ‘गोंदलेले आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठे, काय आणि किती ते लिहावे. आजींच्या हनुवटीवर एक ठिपका आहे, कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये उभी रेघ आहे आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन आहे. जड कुड्या वर्षानुवर्षे घातल्याने कानाची भोके लांबलेली आहेत, आणि डावी पाळी फाटून पुन्हा जुळलेली आहे. मिश्रीने दात काळपट झाले आहेत. वरचे पुढचे दोन दात नाहीत. ‘बोळके’ हा शब्द आम्ही काढला, कारण तो चिडवायचा शब्द आहे. शिवाय तो चुकीचाही होता, बाकीचे दात शाबूत आहेत.

येथे आदराचा मुद्दा आपोआप येतो. निवेदनांत ‘वेडसर’, ‘भ्रमिष्ट’, ‘विधवा’ हे शब्द सर्रास भेटतात. हे निकाल आहेत, त्यांत दिसण्याजोगे काही नाही. ‘वेडसर’ऐवजी ‘नाव सांगतात, गाव सांगता येत नाही’ असे लिहिले, की आजींचा मान राहतो आणि भेटणाऱ्याला काय विचारावे तेही कळते. ‘विधवा’ म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढरी साडी येते. ती सिनेमातून आलेली. महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घरांत सोवळ्या विधवेचे वस्त्र तांबडे आलवण होते, आणि कष्टकरी समाजांत नवरा गेल्यावरही बायका रंगीत लुगडी नेसत आल्या. या आजींच्या कपाळावर कुंकू नाही, बुक्क्याचा टिळा असतो. तेवढेच लिहिले.

मग वस्त्र. सोलापुरात कर्नाटकातल्या इरकलचे लुगडे घरोघरी आहे, त्यामुळे नुसते ‘इरकल’ म्हणणेही कमीच. त्याचे तीन भाग वेगळे सांगावे लागतात: अंग, काठ आणि पदर. अस्सल इरकलात पदराचा ताणा निराळा असतो, तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. म्हणून अंगाचा रंग कोणताही असला तरी पदर तांबडा आणि त्यावर पांढरी, गोपुरासारखी नक्षी दिसते. घरच्यांनी ज्याला ‘हिरवी नऊवारी’ म्हटले होते, ते मोरपंखी अंगाचे, तांबड्या काठाचे लुगडे होते. मधे दंड घातलेला होता, म्हणजे दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग शिवून एक केलेले. ती आडवी शिवण कुठल्याही रंगापेक्षा खात्रीची खूण. नेसण्याची रीतही लिहावी: कासोटा घातलेला, पदर डोक्यावरून घेऊन उजव्या कानामागे खोवलेला, खणाची चोळी पुढे गाठ मारलेली. आणि वस्त्राचा भरवसा एका दिवसाचा असतो हे विसरू नये. चंद्रभागेत स्नान झाले, कोणी दयेने दुसरी साडी दिली, की वर्णन कोसळते. म्हणून आधी चाल आणि अंगावरच्या खुणा, नंतर वस्त्र.

शेवटचा मुद्दा भाषेचा आणि नावाचा. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत नांदतात. स्मृती जायला लागली, की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि माणूस आईच्या भाषेकडे वळतो. पन्नास वर्षे मराठी बोललेल्या आजी एकदम तेलुगूत उत्तर देऊ लागतात, आणि निवेदनात मात्र ‘भाषा मराठी’ असते. नावाचेही तसेच. विचारल्यावर ओठांवर येते ते माहेरचे नाव, आणि नवऱ्याचे नाव तर त्या पिढीतली बाई घेतच नाही. पोलिसाने तीनदा विचारले तरी आजी मान खाली घालून बसतात आणि नोंद होते, ‘काही सांगू शकत नाही’. थोरल्या लेकाचे नाव विचारले असते, तर ते त्यांनी लगेच सांगितले असते.

मसुदा शेवटी असा झाला: ‘वय पंचाऐंशीच्या आसपास, दिसायला पंचाहत्तरच्या. कमरेत ताठ, मान पुढे झुकलेली, डावा पाय किंचित ओढत चालतात. हनुवटीवर एक गोंदलेला ठिपका, कपाळावर गोंदलेली उभी रेघ, वरचे पुढचे दोन दात नाहीत. कुंकू लावत नाहीत, बुक्का लावतात. मोरपंखी इरकल, तांबडा काठ, मधे आडवी शिवण, कासोटा घातलेला. गावाचे नाव आठवत नाही. माहेरचे नाव सांगतात. नवऱ्याचे नाव विचारू नये, थोरल्या लेकाचे विचारावे.’

हातावरचे तुळशीवृंदावन आणि जुळलेली कानाची पाळी आम्ही मुद्दाम यातून वगळली. ‘तुमच्या आजी आमच्याजवळ आहेत’ असा फोन कोणी केला, तर खात्री करायला एखादी खूण घरात राखून ठेवावी लागते. अंगावरच्या सोन्याचा उल्लेखही टाळला. लिहून झाल्यावर मजकूर आजींना वाचून दाखवला. दातांचे वाक्य त्यांना पटले. पाय ओढण्याचे पटले नाही. ‘ओढत कुठं, जपून टाकते,’ असे त्या म्हणाल्या. आम्ही ते तसे बदलले: ‘डावा पाय जपून टाकतात.’