चार अक्षरं बदलायचे किती घ्यायचे?

"फक्त तारीख आणि नंबर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम आहे." घरून ग्राफिक डिझाइनची कामं करणाऱ्यांना असा निरोप सारखा येत असतो. सोबत व्हॉट्सॲपवरून आलेलं एक चित्र असतं आणि लगेच प्रश्न येतो, "किती घ्याल?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला चित्रातली चार अक्षरं दिसतात आणि चार अक्षरं टाइप करायला कितीसा वेळ लागणार, असं त्याला मनापासून वाटतं. घोटाळा पुढे होतो. डिझायनर चित्र नीट न उघडताच "शंभर द्या" म्हणून मोकळा होतो आणि मग त्या शंभर रुपयांपायी अख्खी दुपार घालवतो. नाहीतर घाबरून हजार-दीड हजार सांगतो आणि खरोखरच दहा मिनिटांत होणारं काम हातचं घालवतो.

या कामाचा दर अक्षरांच्या संख्येवर ठरत नाही, अक्षरांच्या मागे काय आहे यावर ठरतो. जुनी अक्षरं पुसली की तिथे भोक पडतं आणि ते भरावं लागतं. मागे सपाट पिवळा रंग असेल तर रंग उचलून चौकोन भरला की झालं. रंग वरून खाली फिका होत गेला असेल तर तो उतार पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर तिथे पट्टा दिसतो. आणि अक्षरं फोटोवर असतील, म्हणजे साडीच्या पोतावर, लाकडाच्या रेषांवर किंवा फळांच्या ढिगावर, तर झाकला गेलेला भाग आजूबाजूचे तुकडे आणून हाताने उभा करावा लागतो. शब्द तोच, पण पहिल्या ठिकाणी दहा मिनिटं लागतात आणि शेवटच्या ठिकाणी तास.

म्हणून दर सांगण्याआधी चित्र दुप्पट मोठं करून पाहावं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं गेलेलं असतं आणि अक्षरांच्या कडेला बारीक चौकोनी डाग दिसतात. अशा चित्रात नवी अक्षरं टाकली की ती आजूबाजूच्या मजकुरापेक्षा जास्त धारदार आणि जास्त काळी दिसतात. ठिगळ लावलंय हे लहान मूलही ओळखेल. मग नवी अक्षरं मुद्दाम किंचित धूसर करायची, काळा रंग शेजारच्या जुन्या अक्षरातूनच उचलायचा, थोडे दाणे मिसळायचे, असं सगळं करावं लागतं. ग्राहकाने तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा मेलने पाठवलं तर यातला बराचसा त्रास वाचतो. मूळ फाईल मिळाली, म्हणजे फोटोशॉपची पीएसडी किंवा आपल्याकडच्या छपाईवाल्यांची लाडकी कोरलची सीडीआर, तर कामाचं स्वरूपच बदलतं. म्हणून माझ्या मते ग्राहकाला पहिला प्रश्न "मूळ फाईल कोणाकडे आहे?" हाच हवा. पैशांचं बोलणं त्यानंतर.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. रोमन अक्षरांचा फॉन्ट ओळखून देणारी साधनं बरीच आहेत, देवनागरीसाठी मात्र बहुतेक वेळा डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या फाईली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, विशेषतः श्रीलिपीत केलेल्या असतात. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसली तर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. फॉन्ट सापडला नाही तर दोनच वाटा उरतात. एक तर मुक्तासारख्या मोफत फॉन्टमधून जवळचा निवडायचा आणि चित्रातल्या त्या प्रकारच्या सगळ्या ओळी त्यातच पुन्हा लिहायच्या. नाहीतर चित्रातल्याच इतर शब्दांतून अक्षरं कापून जुळवायची. दोन्हींना वेळ लागतो, आणि हे ग्राहकाला काम सुरू होण्याआधीच सांगितलेलं बरं.

आता एक उदाहरण धरू. रत्नागिरीकडच्या एका आंबा बागायतदारांना गेल्या हंगामातली जाहिरातीची नऊ चित्रं यंदा वापरायची आहेत. वर्ष बदलायचं, डझनाचा भाव ९५०चा १,१०० करायचा आणि बुकिंगचा फोन नंबर नवा टाकायचा. मूळ फाईल मिळत नाही. चित्रं उघडून पाहिल्यावर पाचांत मजकूर सपाट रंगावर आहे, तिघांत फिक्या होत जाणाऱ्या रंगावर, आणि एकात भाव थेट आंब्यांच्या पेटीच्या फोटोवर लिहिलेला आहे. शिवाय ९५० हे तीन आकडे आहेत, तर १,१००मध्ये चार आकडे आणि एक स्वल्पविराम. म्हणजे त्या जागेत नवा भाव मावणार नाही. शेजारचा 'फक्त' हा शब्द तरी सरकवावा लागेल किंवा आकडे लहान करावे लागतील. 'फक्त भाव बदलायचाय' या मागणीत असलं काम लपलेलं असतं.

दर काढायला आधी आपला तास कितीला पडतो हे ठाऊक हवं. समजा, महिन्याला ३५,००० रुपये हातात यायला हवेत आणि सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, इंटरनेट, पुढच्या संगणकासाठी बाजूला टाकायची रक्कम असा १०,०००चा खर्च आहे. एकूण ४५,००० झाले. महिन्यात पावणेदोनशे तास बसलो तरी त्यातला जवळपास निम्मा वेळ निरोपांना उत्तरं देण्यात, हिशोबात, पैशांची आठवण करून देण्यात आणि नवीन कामं शोधण्यात जातो. बिलात लावता येतील असे तास नव्वद धरले तर एक तास ५०० रुपयांना पडतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, पण तो काढलेला असला पाहिजे. शेजारचा काय घेतो हे विचारून आलेला दर शेजाऱ्याच्या खर्चाचा असतो.

आता आंब्याचं काम मोजू. सपाट रंगाची पाच चित्रं प्रत्येकी १० मिनिटांनी ५० मिनिटं, उताराच्या रंगाची तीन प्रत्येकी २५ मिनिटांनी ७५ मिनिटं, फोटोवरचं एक ६० मिनिटं. मजकूर समजून घेणं, फॉन्ट शोधणं आणि बिल करणं यांना मिळून ४५ मिनिटं. दुरुस्तीच्या एका फेरीला ३० मिनिटं. फाईलींना नावं देऊन पाठवायला १०. बेरीज २७० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. ५००च्या दराने २,२५० होतात. अडचणीसाठी साधारण दहा टक्के वर ठेवून २,५०० रुपये सांगावेत. मूळ फाईल मिळाली असती तर हेच काम दोन तासांत, हजार रुपयांत झालं असतं. हे दोन्ही आकडे ग्राहकाला सांगावेत. बरेच जण मग जुन्या डिझायनरला स्वतःच फोन लावतात आणि फाईल मिळाली तर दोघांचंही भलं होतं.

अंदाज पक्का करायचा असेल तर प्रत्येक प्रकारातलं एक चित्र घड्याळ लावून करून पाहावं. पहिल्या चित्राला नेहमी जास्त वेळ लागतो, कारण फॉन्ट, रंग आणि जागा तिथेच ठरतात. म्हणून नऊ चित्रांचा दर एका चित्राच्या नऊपट होत नाही आणि एकच चित्र असेल तेव्हा त्याला नवव्या हिश्श्याचा दर परवडत नाही. एकट्या चित्रासाठी किमान रक्कम ठरवून ठेवावी. तासाला ५०० पडत असतील तर ३००च्या खाली जाऊ नये, कारण अक्षरं दहा मिनिटांत बदलली तरी बोलणं, पाठवणं आणि पैसे जमा झाले का ते पाहणं यांत अर्धा तास जातोच.

वेळेचा शब्द देताना कामाचे तास आणि मुदत यांची गल्लत होते. काम साडेचार तासांचं आहे म्हणून "संध्याकाळपर्यंत देतो" म्हणणं अंगाशी येतं, कारण हातात दुसरी कामं असतात. दोन दिवस सांगावेत आणि फोटोवरचं अवघड चित्र नमुना म्हणून पहिल्याच दिवशी पाठवावं. ते ग्राहकाला पटलं की बाकीच्यांबद्दल वाद होत नाही. मुदत कधीपासून मोजायची तेही स्पष्ट लिहावं. चित्रं, अंतिम मजकूर आणि आगाऊ रक्कम या तिन्ही गोष्टी हातात आल्यावरच ती सुरू होते, आणि ग्राहकाने नमुना पाहायला घेतलेला वेळ तीत धरायचा नाही. आजच्या आज हवं असेल तर दीडपट घ्यायला हरकत नाही, पण खरोखर दुसरं काम मागे सारावं लागत असेल तरच. मोकळे बसलेलो असताना घाईचे जादा पैसे लावणं मला पटत नाही.

ग्राहकाला पाठवायचा निरोप साधाच असावा: "नऊ चित्रांत वर्ष, भाव आणि फोन नंबर बदलण्याचे एकूण रु. २,५००. निम्मी रक्कम आधी. मजकूर टाइप करून पाठवावा. सगळं मिळाल्यापासून कामाचे दोन दिवस. दुरुस्तीची एक फेरी यात आहे. आमच्या हातून झालेली चूक केव्हाही विनामूल्य दुरुस्त करू, मजकूर नव्याने बदलल्यास प्रति चित्र रु. १५०. चित्रं मोबाइलवर आणि वेबसाइटवर वापरण्याजोगी असतील, फ्लेक्सच्या छपाईसाठी नाहीत." शेवटचं वाक्य विसरू नये. नाहीतर व्हॉट्सॲपवरचं तेच चित्र दहा फुटी फ्लेक्सवर छापून येतं आणि अक्षरं फाटल्याचा दोष आपल्या माथी येतो. मजकूर टाइप केलेलाच हवा, असा आग्रहही धरावा. फोनवर ऐकून लिहिलेल्या नंबरात एक आकडा चुकला तर ग्राहकाच्या अख्ख्या हंगामाचं बुकिंग तिसऱ्याच माणसाकडे जातं. नंबर चिकटवून घ्यावा आणि पाठवण्याआधी त्यावर एकदा स्वतः फोन लावून पाहावा.

काही कामांना मात्र दर सांगूच नये. गुणपत्रिकेतले गुण, पगारपत्रकातली रक्कम, बँकेच्या उताऱ्यातली तारीख किंवा पाकिटाच्या फोटोवरची वापराची मुदत बदलून मागणारेही "छोटंसंच काम आहे" असंच म्हणतात आणि चौपट पैसे द्यायला तयार असतात. फसवण्यासाठी कागदपत्र बनवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली येणारी बनावटगिरी आहे, आणि ते मी फक्त चित्र म्हणून केलं, हा बचाव टिकण्याची आशा धरू नये. कागद कोणाचा आहे आणि बदल कशासाठी हवा आहे, हे विचारायला संकोच करू नये. उत्तर गोलमोल आलं तर तिथेच नमस्कार करावा.

आणि तुम्ही हे काम करून घेणारे असाल तर एक विनंती आहे. पुढच्या वेळी पोस्टर, लेबल किंवा पत्रिका करून घ्याल तेव्हा पैसे देतानाच मूळ फाईल आणि वापरलेल्या फॉन्टची नावं मागून घ्या आणि स्वतःच्या मेलवर जपून ठेवा. पुढच्या वर्षी तारीख बदलायची वेळ येईल तेव्हा तुमचे निम्म्याहून जास्त पैसे वाचतील.