फ्यूज टॅप: कोणता पाय कुठल्या खाचेत?

गाडीत यूएसबी चार्जर किंवा डॅशकॅम कायमचा बसवायचा म्हटलं, की अनेक दुकानांत स्टिरिओची वायर सोलून, तिला नवी वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळून देतात. उन्हात तापून पट्टी सुटते, आणि उघडी तार पत्र्याला लागली की व्हायचं ते होतं. फ्यूज टॅपमध्ये एकही वायर कापावी लागत नाही. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढून त्याच्या जागी टॅप खोचायचा. टॅपमध्ये दोन खाचा असतात. बहुतेक टॅपमध्ये पायांजवळच्या खाचेत मूळ फ्यूज आणि वरच्या खाचेत नव्या जोडणीचा फ्यूज बसतो, आणि बाजूने एक वायर बाहेर येते.

उदाहरण म्हणून दोन पोर्टचा, एकूण 36 वॅटचा चार्जर घेऊ. बारा व्होल्टवर 36 वॅट म्हणजे 3 अँपिअर. चार्जरमध्ये उष्णतेत जाणारी वीज धरली तर साडेतीनच्या आसपास. वरच्या खाचेत 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. मूळ सर्किट म्हणून पुढचं 12 व्होल्टचं सॉकेट निवडू. त्याला बऱ्याच गाड्यांत 15 अँपिअरचा फ्यूज असतो आणि किल्ली बंद केली की वीज तुटते. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा संगणक, पेट्रोल पंप किंवा स्टिअरिंग यांच्या फ्यूजला मात्र हात लावायचा नाही.

टॅप दोन्ही बाजूंनी खोचता येतो, आणि दोन्ही वेळा चार्जर चालतो. त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. फ्यूजच्या दोन खाचांपैकी एकीत बॅटरीकडून वीज येते, दुसरीतून ती सॉकेटकडे जाते. टॅपचा सामाईक पाय बॅटरीच्या बाजूला बसला, तर वीज तिथेच दोन वाटांना लागते: एक 15 च्या फ्यूजमधून सॉकेटला, दुसरी 5 च्या फ्यूजमधून चार्जरला. उलटा बसला, तर चार्जरची वीजही आधी 15 च्या फ्यूजमधून जाते. समजा, सॉकेटला टायरमध्ये हवा भरायचा पंप लावला आणि तो 10 ते 12 अँपिअर खातोय. त्यात चार्जरचे साडेतीन मिळवले की मूळ फ्यूज काठावर येतो आणि एखाद्या दिवशी उडतो. मग कोणीतरी शहाणपणाने तिथे 20 चा फ्यूज घालतो. खरा धोका इथे सुरू होतो, कारण सॉकेटची वायर 15 च्या हिशेबाने टाकलेली असते आणि आता तिला वेळेवर थांबवणारं कुणी उरत नाही.

दिशा तपासणं सोपं आहे. किल्ली बंद करून टॅप खोचा, पण पायांजवळची खाच रिकामी ठेवा. फक्त वरचा 5 चा फ्यूज घाला. आता किल्ली फिरवा आणि बाहेर आलेल्या वायरच्या टोकाशी मल्टिमीटर लावा. सुमारे 12 व्होल्ट दिसले तर दिशा बरोबर. शून्य दिसलं तर किल्ली बंद करून टॅप काढा, फिरवून खोचा आणि पुन्हा मोजा. मगच मूळ फ्यूज त्याच्या खाचेत परत घाला.

टॅप घेताना जुना फ्यूज दुकानात सोबत न्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो अशा जाती बाजारात आहेत आणि त्यांचे पाय एकमेकांसारखे दिसतात. जाड पाय जबरदस्तीने घुसवला तर बॉक्समधल्या पितळी चिमट्या फाकतात. पुढे त्यात कोणताही फ्यूज सैल बसतो, सैल जागा तापते, आणि बिल पूर्ण फ्यूज बॉक्सचं येतं. मल्टिमीटरचं जाड टोकही त्या खाचेत खुपसू नये.

चार्जरची काळी वायर अर्थिंगला जाते. तिच्या टोकाला रिंग टर्मिनल दाबून ती गाडीच्या पत्र्यात घुसलेल्या एखाद्या मूळ बोल्टखाली घट्ट बसवा. प्लॅस्टिकच्या कंसातला किंवा रंगाखाली दडलेला बोल्ट चालत नाही. अर्थ कमकुवत असला तर चार्जर सुरू होतो, पण फोन मधूनच चार्ज व्हायचं थांबतो, आणि दोष मात्र केबलला दिला जातो.

वायर खांबाच्या आवरणाखालून नेत असाल तर तिथल्या एअरबॅगच्या पुढून नेऊ नका. पिवळ्या वेष्टणातल्या वायर सहसा एअरबॅगच्याच असतात.

काम झाल्यावर गाडी लॉक करून थोड्या वेळाने आत डोकावा. चार्जरचा दिवा अजून पेटलेला असेल, तर निवडलेलं सर्किट किल्लीवर चालणारं नाही. 20 मिलिअँपिअरची किरकोळ गळतीदेखील महिन्याला 14 अँपिअर-तास खाते. 35 अँपिअर-तासांची, जुनी झालेली बॅटरी असेल तर एखाद्या सकाळी स्टार्टर नुसता टकटक करेल. आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर, दोन्ही पोर्ट चालू असताना टॅपला बोट लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर कुठेतरी जोड सैल आहे, तो सापडेपर्यंत टॅप काढून मूळ फ्यूज परत लावा.