किती ग्रॅमचा गुन्हा?

गोव्यात पोलिसांनी एका जर्मन पर्यटकाकडे चरसचे दोन तुकडे पकडले होते. एक सात ग्रॅमचा, दुसरा जेमतेम पाचचा. दोन्ही मिळून मूठभर शेंगदाण्यांएवढं वजन. त्याबद्दल त्याला दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा लक्षात आलं, की रासायनिक तपासणीसाठी पोलिसांनी धाकटा तुकडाच पाठवला होता. मोठा तुकडा चरसच होता याला पुरावा काय? काहीच नाही. उरलेल्या तुकड्याचं वजन पाच ग्रॅमच्या आत होतं आणि स्वतःच्या सेवनासाठी बाळगलेल्या चरसची तेव्हाची मर्यादाही पाच ग्रॅमच होती. 1993 साली दहा वर्षांची शिक्षा सहा महिन्यांवर आली.

एनडीपीएस म्हणून ओळखला जाणारा हा कायदा 1985 चा. मूळ कायद्यात सवलत एवढीच होती, की माल अगदी थोडा असेल आणि तो आपल्याच सेवनासाठी होता हे आरोपीने स्वतः सिद्ध केलं, तर शिक्षा सौम्य. ते जमलं नाही तर बहुतेक पदार्थांसाठी व्यसनी आणि तस्कर दोघांनाही किमान दहा वर्षं. 2001 च्या दुरुस्तीने हे बदललं आणि शिक्षा वजनाला बांधली गेली. प्रत्येक पदार्थासाठी दोन आकडे ठरले. हेरॉइनसाठी 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम, चरससाठी 100 ग्रॅम आणि 1 किलो, गांजासाठी 1 किलो आणि 20 किलो. पहिल्या आकड्याच्या आत ती अल्प मात्रा; तिला आज जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आकड्याच्या वर व्यावसायिक मात्रा. तिला किमान दहा वर्षं, कमाल वीस. मधल्या पट्ट्याला कायद्याने नावसुद्धा दिलेलं नाही. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते, पण किमान मर्यादा नाही.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. अल्प मात्रा म्हणजे ‘चालतं’ असं नव्हे, तोही गुन्हाच. शिवाय हे आकडे हेतू विचारत नाहीत. चार ग्रॅम हेरॉइनची पुडी विकणारा आणि तेवढीच स्वतःसाठी बाळगणारा, दोघांनाही कमाल शिक्षा एकच. उलट तीनशे ग्रॅम बाळगणाऱ्याने ‘हे सगळं माझ्यासाठीच होतं’ असं कितीही सांगितलं, तरी तो व्यावसायिक मात्रेतच बसतो. सेवनाचं कलम वेगळं आहे. अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य उपचार घ्यायला तयार झाला, तर खटल्यातून सुटण्याची वाटही कायद्यात आहे.

व्यावसायिक मात्रेचा खरा चटका जामिनाच्या वेळी बसतो. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर जाऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच जामीन मिळतो. खटला उभा राहण्याआधीच एवढं पटवून द्यायचं! म्हणून 245 आणि 255 ग्रॅममधल्या फरकापायी माणूस वर्षानुवर्षं कोठडीत राहू शकतो. आणि वकील वजनावर तुटून पडतात.

पण वजन कशाचं? रस्त्यावरच्या पुडीत हेरॉइन थोडं आणि भेसळ फार. 2008 च्या एका खटल्यात सुमारे चार किलो माल पकडला होता, पण तपासणीत शुद्ध हेरॉइन निघालं जेमतेम दीड टक्का, म्हणजे साठेक ग्रॅम. सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध भागच मोजला; प्रकरण मधल्या पट्ट्यात आलं आणि दहा वर्षांची सहा झाली. केंद्र सरकारने 2009 मध्ये अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजायचं ठरवलं. 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. व्यसनी माणूस विकत घेतो ते मिश्रणच, असा त्यामागचा तर्क. तो पटण्यासारखा आहे, पण मग पुडीत जास्त भेसळ मिळालेल्या गिऱ्हाइकाला मात्राही जास्त लागते, हेही खरं.

गांजाचं गणित याहून वेगळं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंड्यांपासून सुटी असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पोलिस मात्र शेतातून उपटलेली झाडं मुळं-काड्यांसकट पोत्यात भरून काट्यावर ठेवतात. समजा, पंचनाम्यात 23 किलो लिहिलं गेलं. त्यातल्या काड्या, मुळं आणि सुटी पानं चार किलोंची निघाली, तर शेंडे 19 किलोच भरतात आणि प्रकरण व्यावसायिक मात्रेतून बाहेर पडतं. जप्तीच्या वेळी हे वेगळं केलं नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन दिला आहे. बरोबर 20 किलो भरलं तरीही आरोपी बाहेरच, कारण कायदा ‘त्याहून जास्त’ म्हणतो. तेव्हा पोतं रिकामं असताना काट्यावर ठेवून पाहिलं होतं का, हा उलटतपासणीतला प्रश्नही क्षुल्लक राहत नाही.