शेवटच्या पंगतीची माफी

लग्नाचे जेवण उशिरा झाले की दुसऱ्या दिवशी केटररकडून मेसेज येतो: ‘काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला, क्षमस्व.’ उपाशी बसलेल्या माणसाला यातून काहीच कळत नाही. नेमके काय बिघडले, किती बिघडले आणि त्यातले आपले किती, हे सांगणारी माफी कशी असते ते एका काल्पनिक पण नेहमी घडणाऱ्या प्रसंगातून पाहू.

डिसेंबरातले लग्न, 800 पाने. कार्यालयात एका वेळी 200 माणसे बसतात, म्हणजे चार पंगती. वाढणे, जेवणे, पाने उचलणे आणि टेबले पुसणे मिळून एका पंगतीला 40 मिनिटे धरली, तर सव्वाबाराला सुरू झालेले जेवण तीनला पाच कमी असताना आटोपते. त्या दिवशी पहिली पंगत दीड वाजता बसली. उशीर सव्वा तासाचा.

त्यातली 20 मिनिटे अक्षता उशिरा पडल्यामुळे गेली. उरलेली 55 स्वयंपाकघरात गेली. माफीपत्रात हे दोन्ही आकडे यावेत, पण 20 मिनिटांवर जोर नको. मुहूर्त थोडा सरकणार हे धरूनच अनुभवी आचारी वेळ आखतो, त्यामुळे तेवढ्याने जेवण कोलमडायला नको होते.

कोलमडले ते गॅसमुळे. सिलिंडर रिकामे नव्हते. सिलिंडरच्या आत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याची वाफ होऊन ती शेगडीकडे जाते. वाफ होताना उरलेला द्रव थंड पडतो. मोठ्या भट्ट्यांनी एकाच सिलिंडरमधून भराभर गॅस ओढला, त्यात पहाटेची थंडी असली, की आतला दाब उतरतो. सिलिंडरच्या खालच्या अंगाला आधी दव धरते, मग पांढरे हिम दिसू लागते, आणि निम्मा गॅस शिल्लक असतानाही ज्योत मंदावते. जाणता आचारी हिम दिसायच्या आधीच, पातेल्यातले आधण नेहमीपेक्षा रेंगाळते आहे, यावरून हे ओळखतो.

या दिवशी तीन भट्ट्या दोनच सिलिंडरवर होत्या. आधी मसालेभाताचे आधण रेंगाळले, पण खरा घोळ पुऱ्यांनी केला. भात आधी करून झाकून ठेवता येतो, पुरी मात्र पंगतीच्या तोंडावरच तळावी लागते. तेल पुरेसे तापले नाही तर पुरी फुगत नाही, उलट तेल पिते. माणशी चार धरल्या तरी पहिल्या पंगतीलाच 800 पुऱ्या हव्यात, आणि कढईत घाणा पडला की तेल आणखी निवते.

हे सारे माफीपत्रात चार ओळींत बसते: ‘आमच्या तीन भट्ट्यांना दोन सिलिंडर कमी पडले. थंडीत दाब उतरला, पुऱ्या वेळेवर झाल्या नाहीत. यातली 55 मिनिटे आमची आहेत. सव्वादोनला बसायची शेवटची पंगत साडेतीनला बसली, त्या पाहुण्यांची आम्ही विशेष माफी मागतो.’

शेवटच्या पंगतीचा वेगळा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. सव्वा तास सगळ्यांचाच गेला, पण मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आजोबा, परतीची एसटी गाठायची असलेले पाहुणे आणि दिवसभर राबलेली घरची माणसे बहुधा याच पंगतीत असतात.

फोन त्याच संध्याकाळी आणि पत्र दुसऱ्या दिवशी गेले, तरी आठवड्याभराने तिसरी गोष्ट यजमानांना कळवायला हवी: पुढे काय केले. त्यात पहिली बाब अन्नाची. शिजलेले अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावे आणि साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे मसालेभात वाट पाहत राहिला होता. तो मंद भट्टीवर गरम ठेवला होता, आणि उरलेला, निवून गेलेला भात कोणाला वाटून न देता टाकला, हे केटररने आपणहून सांगावे. कोणाला त्रास झाला का, हेही विचारावे.

दुसरी बाब पैशांची. पानामागे 350 रुपये ठरले असतील, तर शेवटच्या पंगतीचे 70,000 होतात. त्यातले निम्मे, म्हणजे 35,000, बिलातून वजा केल्याचे यजमानांनी विचारण्याआधी कळवले, तर पुढची घासाघीस टळते. सगळी रक्कम परत करण्याची घोषणा मला पटत नाही. जेवण सगळ्यांना मिळाले होते, आणि असा आकडा रागाच्या भरात बोलला जातो आणि नंतर पाळला जात नाही.

तिसरी बाब स्वयंपाकघरातल्या बदलाची. आता चार सिलिंडर एका सामाईक नळीला जोडले जातात, म्हणजे प्रत्येकावरचा ओढा कमी होतो. पुरीच्या कढईला वेगळी जोडणी आहे. मंदावलेला सिलिंडर जाळाने गरम करायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे, कारण त्यातून स्फोट होऊ शकतो. ही मांडणी नंतरच्या एका 300 पानांच्या कार्यात वापरून पाहिली आणि तेल वेळेत तापले, एवढे लिहावे. 800 पानांना ती अजून लागू करून पाहिलेली नाही, हेही त्याच ओळीत लिहावे.