नोटीस आली आणि रात्रीत पोस्ट गेली

वकिलाची नोटीस घरी येते. पाकीट फोडून चार ओळी वाचल्या की माणसाचा हात आधी मोबाइलकडे जातो. जिच्यावरून वाद पेटला ती पोस्ट शोधायची, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवायचं आणि ‘डिलीट’ दाबायचं. यामागे दरवेळी लबाडी असते असं नाही. बहुतेकदा भीती असते, कधी भांडण मिटावं ही साधी इच्छा असते. पण पुढे उलटतपासणीत प्रश्न येतो तो असा: नोटीस मिळाल्यानंतर तुम्ही काय काढून टाकलंत, आणि का?

हा प्रश्न किती महागात पडू शकतो, हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका खटल्यात दिसलं. ‘अलाइड काँक्रीट विरुद्ध लेस्टर’ या नावाने तो कायद्याच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. २००७ साली काँक्रीट वाहून नेणारा एक ट्रक मोटारीवर उलटला आणि त्यात एका तरुणाची पत्नी गेली. त्याने कंपनीवर भरपाईचा दावा लावला. चूक ट्रकचालकाची होती, यावर फारसा वाद नव्हता. मार्च २००९ मध्ये कंपनीच्या वकिलांनी या तरुणाच्या फेसबुक पानावरचा मजकूर मागितला आणि मागणीसोबत तिथलाच एक फोटो जोडला. फोटोत तो हातात बिअरचा कॅन घेऊन, अंगात एक थिल्लर मजकुराचा टी-शर्ट घालून मित्रांत उभा होता. दुःखात बुडालेला विधुर असा दिसतो का, हे कंपनीला ज्युरीपुढे सुचवायचं होतं.

तरुणाच्या वकिलाने आपल्या सहायिकेकरवी त्याला फेसबुक ‘साफ’ करायला सांगितलं. त्याने आधी खातं बंद केलं. दुसऱ्याच दिवशी, आज आपलं फेसबुक पान नाही, असं सहीनिशी उत्तर दिलं गेलं. अक्षरशः पाहिलं तर उत्तर खरं, हेतूने पाहिलं तर खोटं. नंतर खातं पुन्हा सुरू झालं आणि त्यातले १६ फोटो त्याने पुसले. कंपनीच्या तज्ज्ञाने नोंदी तपासल्या, तेव्हा पुसलेल्या फोटोंचा आकडा उघड झाला आणि ते सोळाही फोटो शेवटी हाती आले.

या गोष्टीचा शेवट विचार करायला लावणारा आहे. तरुण दावा हरला नाही. पत्नीच्या मृत्यूपोटी ज्युरीने त्याला ६२ लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. खालच्या न्यायाधीशांनी ती कमी केली, पण व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूर्ववत केली. म्हणजे टी-शर्टच्या फोटोने त्याचं फारसं बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते पुसण्याने. फोटो पुसल्याबद्दल त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येईल, असं ज्युरीला सांगण्यात आलं. त्याला १,८०,००० डॉलर भरावे लागले, वकिलाला ५,४२,००० डॉलर. शिवाय वकिलाची सनद पाच वर्षांसाठी निलंबित झाली.

‘माझी पोस्ट, मी ठेवीन नाहीतर काढीन’

एरवी हे खरंच आहे. पाच वर्षांपूर्वीची पोस्ट आज नकोशी वाटली म्हणून काढली, तर कोणी विचारणार नाही. वाद उभा राहिला की चित्र बदलतं, कारण तीच पोस्ट आता पुरावाही असते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २४१ नुसार, न्यायालयात किंवा सरकारी अधिकाऱ्यापुढच्या कायदेशीर कारवाईत जो दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद हजर करायला भाग पाडता येतं, ती पुरावा म्हणून वापरली जाऊ नये अशा हेतूने नष्ट करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंड संहितेत हेच कलम २०४ होतं आणि कैद दोन वर्षांपर्यंत होती. इथे ‘समन्स अजून आलंच नव्हतं’ हा बचाव पुरत नाही. समन्सनंतर नष्ट करणं तर गुन्हा आहेच, पण पुरावा अडवण्याचा हेतू असेल तर त्याआधी केलेलंही या कलमात बसतं. उलट, समन्स आलेलं नसेल आणि असा हेतूही नसेल तर नुसतं पुसणं गुन्हा ठरत नाही. अडचण अशी की हेतू डोळ्यांना दिसत नाही. तो तारखांवरून जोखला जातो, आणि नोटीस सोमवारी, डिलीट सोमवारी रात्री, असा क्रम असेल तर समजावून सांगण्याचं ओझं आपल्या डोक्यावर येतं.

गुन्हा दाखल झाला नाही तरी नुकसान टळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमात घटनेनंतरचं वर्तनही ग्राह्य धरलं जातं आणि आरोपीने पुरावा नष्ट केला किंवा लपवला, हे त्यातलं एक उदाहरण आहे. हाती असलेला पुरावा एखादा पक्ष हजर करत नसेल, तर तो त्याच्याविरुद्धच गेला असता, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. दिवाणी दाव्यात एवढ्यानेही पारडं झुकू शकतं.

पुसलेलं जातं कोणाचं?

एक कल्पित प्रसंग घेऊ. सोसायटीतल्या एका सभासदाने फेसबुक ग्रुपवर लिहिलं की पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं साडेतीन लाखांचं बिल फुगवलेलं आहे आणि सेक्रेटरींनी त्याचा हिशेब द्यावा. सोबत बिलाचा फोटो जोडला. खाली चाळीसेक प्रतिक्रिया आल्या. त्यात सेक्रेटरींनी स्वतःच लिहिलं, ‘कोटेशन एकच घेतलं, घाई होती.’ आठवड्याने बदनामीची नोटीस आली आणि सभासदाने घाबरून पोस्ट उडवली.

आता कोणाकडे काय उरलं? सेक्रेटरींकडे पोस्टच्या पहिल्या चार ओळींचा स्क्रीनशॉट आहे, ज्यात बिल दिसत नाही. सभासदाकडे काहीच नाही. बदनामीच्या खटल्यात त्याचा बचाव असा असायला हवा होता की लिहिलं ते खरं होतं, सभासदांच्या हिताचं होतं आणि सद्भावनेने लिहिलं होतं. त्याला आधार देणारं बिल, तारीख, पूर्ण मजकूर आणि सेक्रेटरींची ती कबुली, हे सगळं पोस्टबरोबर गेलं, कारण पोस्ट गेली की तिच्याखालच्या प्रतिक्रियाही जातात. पुसल्याने समोरच्याचा पुरावा क्वचितच नाहीसा होतो. नाहीसा होतो तो बहुधा स्वतःचा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पुसलेल्या पोस्ट साधारण ३० दिवस परत आणता येतात. हात घसरलाच असेल तर त्या मुदतीत पोस्ट परत मिळवून तिची प्रत घ्यावी. या सोयीचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा: दाबल्या क्षणी सगळंच कायमचं जात नाही, पण पुसल्याची वेळ मात्र नोंदली जाऊ शकते.

‘स्क्रीनशॉट काढलाय ना, मग झालं’

नुसता स्क्रीनशॉट लंगडा असतो. त्यात बहुतेकदा पत्ता नसतो, पूर्ण तारीख नसते, वरखालचा संदर्भ नसतो आणि तो बनवताही येतो. पोस्ट संगणकावर उघडून तिची लिंक दिसेल असं पूर्ण पान पीडीएफमध्ये जतन करावं. ‘२ दिवसांपूर्वी’ असं लिहिलेलं असेल त्यावर बोट ठेवलं की नेमकी तारीख आणि वेळ दिसते, तीही टिपावी. मग खात्याच्या सेटिंगमधून ‘माहिती डाउनलोड करा’ हा पर्याय वापरून स्वतःच्या सगळ्या मजकुराची प्रत मागवावी. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम पुसण्याच्या आधी करायचं. व्हॉट्सअॅपची निर्यात केलेली फाइल साधा मजकूर असते, कोणीही बदलू शकतो. तिथे खरा आधार मूळ फोनच, म्हणून वाद चालू असताना तो विकू नये, फॅक्टरी रीसेट करू नये आणि आपोआप पुसले जाणारे संदेश बंद करावेत.

आपोआप पुसलं जाणंही निरुपद्रवी नाही. एपिक गेम्सने गुगलवर लावलेल्या खटल्यात कर्मचाऱ्यांच्या चॅट २४ तासांनी पुसल्या जाण्याचा मुद्दा आला. मार्च २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ठपका ठेवला की खटला चालू असताना चॅट जपायची जबाबदारी कंपनीने पाळली नाही. पुढे डिसेंबरमध्ये, हरवलेल्या चॅट गुगलला प्रतिकूल असतील असं मानायची मुभा ज्युरीला देण्यात आली. त्या ज्युरीने निकाल एपिकच्या बाजूने दिला.

जतन केलेल्या फाइलवर त्याच दिवशी हॅश काढून ठेवावा. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा लांबलचक क्रमांक. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो, म्हणून फाइल नंतर कुरतडलेली नाही हे त्यावरून दाखवता येतं. विंडोजवर तो असा निघतो:

```
certutil -hashfile post.zip SHA256
```

आलेला क्रमांक, तारीख आणि फाइलचं नाव वकिलाला ईमेलने पाठवून ठेवावं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही हा क्रमांक भरावा लागतो. त्या प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचं महत्त्व जालन्याच्या खटल्यातून पक्कं झालं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर यांच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच.

एक अपवाद ठामपणे सांगायला हवा. मजकूर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा असेल तर ‘पुरावा’ म्हणून त्याची प्रत ठेवू नये, पुढे पाठवू नये. लिंक आणि वेळ लिहून पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in वर लगेच तक्रार करावी.

‘नोटिशीतच लिहिलंय, सात दिवसांत पोस्ट काढा’

बदनामीच्या बहुतेक नोटिशीत ही मागणी असते. गोंधळ इथेच होतो, कारण काढणं आणि नष्ट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. इन्स्टाग्रामवर पोस्ट ‘आर्काइव्ह’मध्ये टाकता येते, फेसबुकवर स्वतःच्या पानावरची पोस्ट ‘फक्त मी’ अशी करता येते. लोकांना ती दिसायची थांबते, म्हणजे होणारी कथित बदनामीही थांबते आणि मूळ मजकूर जागेवर राहतो. त्याआधी वर सांगितलेली प्रत घ्यायची आणि वकिलाला विचारूनच हे पाऊल टाकायचं. मजकूर बदलून ‘सौम्य’ करणं टाळावं, कारण बदललेली पोस्ट पुसलेल्या पोस्टपेक्षाही संशयास्पद दिसू शकते.

आणि केलेलं उघड सांगायचं. नोटिशीच्या उत्तरात चार ओळी पुरतात: ‘सदर पोस्ट अमुक तारखेला सार्वजनिक दृष्टीतून हटवली आहे. त्यापूर्वी प्रतिक्रियांसह तिची संपूर्ण प्रत आणि मूळ नोंद जतन केली असून आवश्यकता भासल्यास ती न्यायालयात सादर केली जाईल. पोस्ट हटवणे ही आरोपांची कबुली नाही.’ हे उत्तर फाइलीत असलं, तर ‘काय काढून टाकलंत, आणि का?’ या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट आधीच लिहिलेलं असतं.