चौथा गेला, भाडं तेवढंच

पुण्यात कोथरूडसारख्या भागातला टू-बीएचके फ्लॅट घ्या. भाडं ३०,००० रुपये, राहणारे चौघं, प्रत्येकी साडेसात हजार. त्यातल्या एकाला बंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला. घरमालकाला भाडं पूर्णच हवं, कारण करार अख्ख्या फ्लॅटचा आहे. उरलेल्या तिघांनी दहा-दहा हजार द्यावेत, हे ऐकायला सरळ वाटतं. पण एका खोलीत अजून दोघं आहेत आणि दुसरीत एकटाच. कुरबुर इथेच सुरू होते, म्हणून हा हिशोब लिहूनच मांडावा. तोही शक्यतो एकट्या उरलेल्याने, कारण वाढीचा मोठा भाग त्याच्याकडे येणार आहे.

‘मित्रांनो, माझा रूममेट गेल्याने खोली आता माझ्या एकट्याकडे आहे. भाड्याचा निम्मा भाग हॉल, किचन, बाथरूमचा धरू. ते १५,००० तिघांत वाटले की प्रत्येकी ५,०००. उरलेले १५,००० दोन खोल्यांचे, म्हणजे खोलीमागे ७,५००. माझे होतात १२,५००, तुमचे प्रत्येकी ८,७५०. मात्र एकटं राहणं मी मागून घेतलेलं नाही. म्हणून पहिला महिना आपण दहा-दहा हजार भरू आणि तेवढ्यात चौथा शोधू. नाही मिळाला, तर पुढच्या महिन्यापासून वरचा हिशोब.’

निम्मं-निम्मं हा नियम नाही. एका खोलीला बाल्कनी किंवा स्वतंत्र बाथरूम असेल तर तिचा आकडा वाढवायला हवा. तो वाढवल्यावर तिघांनी एकमेकांना विचारावं, ‘या भावात तू खोली बदलशील का?’ सगळेच एका खोलीकडे धावले, तर आकडे अजून चुकलेले आहेत.

बिलांचं तसं नाही. वायफायचं बिल माणूस गेल्याने कमी होत नाही, त्याचे सरळ तीन भाग. विजेच्या बिलातही स्थिर आकार तेवढाच राहतो आणि फ्रिज पूर्वीइतकाच चालतो, त्यामुळे बिल चौथ्या हिश्शाने उतरेल ही अपेक्षा खोटी ठरते. तेही तिघांत समान वाटावं. फक्त एका खोलीत एसी असेल तर त्याला सबमीटर बसवून तेवढी युनिट्स त्या खोलीच्या नावावर टाकावीत. स्वयंपाकाच्या मावशी माणशी पैसे घेत असतील तर त्यांच्याशी आधी बोलावं. तीन माणसांच्या पोळ्यांसाठीही त्यांची फेरी तेवढीच असते.

सर्वांत जास्त भांडणं डिपॉझिटवरून होतात. एक लाखाच्या डिपॉझिटमध्ये जाणाऱ्याचे २५,००० अडकलेले असतात आणि करार संपेपर्यंत मालक सहसा ते परत करत नाही. नवा येणारा ती रक्कम थेट जुन्याला देतो, ही चांगली रीत. तोवर तिघांनी ती भरायची की जुन्याने थांबायचं, हे पत्रात तारखेसह लिहावं. निघण्याच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा, कारण विजेचं बिल नंतर येतं आणि त्याचा हिस्सा त्या २५,००० मधूनच वळता करावा लागतो. नवा आला की करारात त्याचं नाव घालून घेण्याबद्दल मालकाशी बोलायचं कामही कुणाचं, ते तिथेच नेमून टाकावं.