ऑनलाइन पैसे नेमके कुठे अडतात?

दुकानाच्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरताना ग्राहकाला एकच बटण दिसते. मागे मात्र मागणी हातोहात पुढे सरकत असते. दुकानाकडून ती गेटवेकडे जाते, तिथून दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे, मग व्हिसा किंवा रुपेसारख्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे. होकार किंवा नकार त्याच वाटेने परत येतो. मोठी दुकाने एका गेटवेवर विसंबून राहत नाहीत. दोन-तीन मार्ग ठेवतात आणि व्यवहार त्यांत वाटतात. यातला एक मार्ग पुरता बंद पडला तर लगेच कळते. तो फक्त काही कार्डांपुरता बिघडला, तर शोधावा लागतो.

नकारासोबत एक कोड येतो. कार्ड व्यवहारांच्या आयएसओ ८५८३ या मानकानुसार हे कोड सहसा दोन आकड्यांचे असतात. 51 म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली, 91 म्हणजे कार्ड देणारी बँक किंवा मधली यंत्रणा उत्तर देत नाही. 05 हा सर्वांत त्रासदायक, कारण त्यात बँक नकार देते पण कारण सांगत नाही. विश्लेषणासाठी या कोडांचे ढोबळ दोन गट पुरतात : बँकेने मागणी पाहून दिलेले नकार आणि यंत्रणा अडल्यामुळे आलेले नकार. यूपीआयमध्येही नकारांची व्यावसायिक आणि तांत्रिक अशी विभागणी केली जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका दुकानात सकाळी दहा ते बारा या वेळेत पैसे भरण्याचे १०,००० प्रयत्न होतात. काल त्यांतले ८,४०० यशस्वी झाले होते, आज ८,०००. यशाचे प्रमाण ८४ टक्क्यांवरून ८० वर आले. एवढी घट कुणी सहज दुर्लक्षून टाकेल. कार्डाच्या सुरुवातीच्या सहा किंवा आठ आकड्यांवरून बँक ओळखता येते. तशी बँकवार फोड केली की दिसते, बाकी सर्व बँकांचे आकडे जागच्या जागी आहेत. फक्त ‘क’ बँकेच्या १,२०० प्रयत्नांपैकी काल १,००० यशस्वी झाले, तर आज ६००. चारशेची तूट सगळी इथेच आहे.

इथे ‘क’ बँकेचे सर्व्हर बंद आहेत असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. तो टाळून या १,२०० प्रयत्नांची मार्गवार फोड करावी लागते. दोन्ही मार्गांवर ६०० प्रयत्न गेले आहेत. पहिल्या मार्गावर कालप्रमाणेच ५०० यशस्वी झाले, दुसऱ्यावर फक्त १००. त्याच दुसऱ्या मार्गाने जाणारी इतर बँकांची कार्डे मात्र सुरळीत चालतात. म्हणजे बँक धडधाकट आहे, मार्गही एरवी ठीक आहे. बिघाड आहे तो या दोघांच्या जोडीत.

आता कोड पाहायचे. दुसऱ्या मार्गावरच्या ५०० नकारांपैकी ४८० वर 91 आहे. कोड बँक उत्तर देत नसल्याचे सुचवतो, पण पहिल्या मार्गावर तीच बँक त्याच वेळी उत्तरे देते आहे. कोड म्हणजे मधल्या कुणीतरी लावलेला अर्थ असतो, तो शब्दशः घेऊन चालत नाही. पक्का पुरावा उरलेल्या आकड्यांत सापडतो. या मार्गावर 51 चे नकार काल ४० होते, आज आठच. ग्राहकांच्या खात्यांत एका रात्रीत पैसे वाढले नाहीत. मागण्याच बँकेपर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचल्या त्या १२० आणि त्यांतल्या १०० मंजूर झाल्या, म्हणजे ८३ टक्के, अगदी कालइतक्याच. बँकेचा निर्णय बदललेला नाही, वाट तुटली आहे.

अशी तुलना फसू शकते. एखाद्या मार्गावर मुळातच नकार जास्त देणाऱ्या बँकेची कार्डे अधिक जात असतील, तर तो मार्ग दोष नसताना वाईट दिसतो. म्हणून मार्गांची तुलना एकाच बँकेपुरती करायची. वीस-पंचवीस व्यवहारांवरून निष्कर्ष काढायचा नाही. ग्राहक चिडून चार वेळा बटण दाबतो, तेव्हा एका ऑर्डरचे चार नकार मोजले जातात. प्रयत्न आणि ऑर्डरी वेगळ्या मोजाव्या लागतात. ग्राहकाने ओटीपीच्या पानावरूनच माघार घेतली, तर बँकेचा कोड येतच नाही. असे व्यवहार गाळले तर ओटीपीचे पान उघडत नसल्याचा बिघाड कधीच दिसणार नाही.

निदान झाल्यावर ‘क’ बँकेची कार्डे पहिल्या मार्गावर वळवतात, पण पाचेक टक्के दुसऱ्यावरच ठेवतात. नाहीतर तो दुरुस्त झाल्याचे कळणार कसे? वळवलेल्या व्यवहारांचे यश ८३ टक्क्यांच्या आसपास आले, तर निदान बरोबर. तिथेही 91 येऊ लागला, तर पहिल्या मार्गाची क्षमता अपुरी आहे की आता बँकच खरोखर अडली आहे, हे पाहावे लागते. अडकलेले व्यवहार मात्र आधी त्यांची स्थिती तपासल्याशिवाय नव्या मार्गाने पुन्हा पाठवत नाहीत. उत्तर वाटेत हरवले असेल आणि पैसे कापले गेले असतील, तर ग्राहकाकडून दोनदा वसुली होते.